लाँड्रीचं दरपत्रक मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, खारघरपर्यंत, लाँड्रीचं दरपत्रक बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच छापलेलं दिसतं. बिलाच्या मागच्या बारीक टायपातल्या अटीही इंग्रजीच असतात. ही दरपत्रकं मराठीत करून देण्याचं काम मी करते. दुकानदार आणि हे काम नव्याने हातात घेणारे भाषांतरकार पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. खाली दिलेले दर फक्त हिशेब समजावेत म्हणून घेतले आहेत, ते कुठल्या दुकानाचे नाहीत.

दरपत्रक मराठीत असणं कायद्याने बंधनकारक आहे का?

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हा नियम आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला. पण तो नामफलकापुरता आहे. ‘पाटी बदलली, आता दरपत्रकही बदलायलाच हवं’ असं कोणी सांगत असेल, तर तो दोन गोष्टींची गल्लत करतोय. दरपत्रक मराठीत करायचं ते काउंटरवरचे वाद कमी व्हावेत म्हणून, आणि त्यासाठी नुसते दर मराठीत करून भागत नाही. अटीही कराव्या लागतात.

सुरुवात कुठून करावी? कपड्यांच्या यादीपासून?

नाही, मागच्या पानापासून. आधी नुकसानभरपाईची अट वाचा, मग अर्जंटचा आकार, आणि शेवटी कपड्यांची यादी. कारण साधं आहे. बहुतेक अटींमध्ये भरपाईची मर्यादा धुलाईच्या दराच्या पटीत दिलेली असते, बऱ्याचदा दहापट. अर्जंटचा आकारही त्याच दरावर टक्क्यांनी चढतो. म्हणजे कपडा यादीतल्या कुठल्या ओळीत बसला, यावर तीन आकडे ठरतात: धुलाई किती, घाईचे जादा किती, आणि कपडा खराब झाला तर जास्तीत जास्त किती मिळणार. कपड्याचं नाव मोघम लिहिलं तर तिन्ही आकडे मोघम होतात. यादी सोपी वाटते म्हणून लोक ती आधी उरकतात आणि मग अटी करताना पुन्हा यादीकडे यावं लागतं.

साडीच्या तीन ओळी आहेत: प्लेन, सिल्क आणि वर्क. यात पैठणी कुठे बसते?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा प्लेन साडी १८० रुपये, सिल्क ३००, आणि जरी किंवा वर्कची साडी ४५०. मराठीत हे ‘साधी’, ‘सिल्क’, ‘वर्क’ असं उतरवलं. आता काउंटरवर एक बाई पैठणी घेऊन येतात. त्यांच्या लेखी ‘वर्क’ म्हणजे टिकल्या, मणी, खडे लावलेली साडी. पैठणीला तसलं काही नाही, तिचे काठ-पदर विणलेलेच असतात. म्हणून त्या म्हणतात, ही सिल्क. काउंटरवरचा मुलगाही ‘सिल्क’ दाबतो. इंग्रजी यादीत तिसऱ्या ओळीत जरीचा उल्लेख होता, तो मराठीत येताना गळला. ग्राहकाला वाटतं, दीडशे रुपये वाचले.

साडी चोवीस तासांत हवी असल्याने ५० टक्के जादा. म्हणजे ३०० अधिक १५० मिळून ४५०. दुकान नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८१ रुपये, एकूण ५३१. आता काठाचा रंग सुटून साडीच्या अंगावर उतरला असं धरा. अट सांगते, धुलाई आकाराच्या दहापटीपेक्षा जास्त भरपाई नाही. दहापट कशाची? ३०० ची धरली तर ३,०००. अर्जंटसकट ४५० ची धरली तर ४,५००. पण तीच पैठणी जरीच्या ओळीत नोंदली असती, तर मूळ दर ४५०, अर्जंट धरून ६७५, आणि मर्यादा ४,५०० किंवा ६,७५०. एकच साडी, एकच नुकसान, आणि मर्यादा ३,००० पासून ६,७५० पर्यंत कुठेही. हातमागाच्या पैठणीची किंमत बघता यातला एकही आकडा तिच्या जवळपास जात नाही, पण तो पुढचा प्रश्न.

यावर उपाय असा की ओळीला गुणधर्माचं नाव द्यायचं आणि शेजारी ओळखीची उदाहरणं लिहायची. ‘जरीकाठाची रेशमी साडी: पैठणी, शालू, कांजीवरम’ ही एक ओळ. ‘टिकल्या, मणी, खडे किंवा भरतकाम असलेली साडी’ ही वेगळी ओळ. दर दोन्हींचा सारखा असला तरी ओळी वेगळ्या ठेवा, कारण दोघींचे धोके वेगळे आहेत. एकीचा रंग सुटतो आणि जरीचे धागे काळवंडतात, दुसरीच्या टिकल्या विरघळतात. आणि नऊवारीची स्वतंत्र ओळ मागून घ्या. इंग्रजी यादीत ती जवळजवळ कधीच नसते. नऊवारी लांबीला सहावारीच्या दीडपट, त्यामुळे इस्त्रीलाही वेळ जास्त लागतो, आणि दुकानदार तोंडी जादा पैसे मागतोच. तोंडी मागतो ते छापलेलं बरं.

गाऊन, सूट, जॅकेट हे तर मराठीतही तेच शब्द आहेत. जसेच्या तसे ठेवू?

ठेवा, पण कोणाचा आणि कसला हे लिहा. इंग्रजी यादीतला गाऊन म्हणजे पार्टीत घालायचा पायघोळ झगा, धुलाई सहाशे रुपये. आपल्याकडे गाऊन म्हणजे घरात घालायची मॅक्सी. सहाशे रुपये वाचून बाई दुकानदाराकडे बघतच राहतात! तिथे ‘पार्टी गाऊन’ लिहायचं. सूट म्हणजे पुरुषांचा कोट-पँट की सलवार-कमीज-ओढणी, हे ‘पीस’ शब्दावरून कळेल असं समजू नका, कारण दोन्हीकडे टू-पीस, थ्री-पीस म्हणतात. जॅकेटमध्ये बंडी, विंडचीटर आणि लेदर हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि लेदर बहुतेक दुकानं स्वतः करतही नाहीत, बाहेर पाठवतात.

ब्लँकेट, रजई आणि दुलई यांतला फरक घरोघरी वेगळा आहे, म्हणून तिथे ‘एकेरी’ आणि ‘दुहेरी’ एवढं लिहून, कापूस भरलेलं की नाही ते सांगावं.

ड्रायक्लीन, स्टीम प्रेस, रोल पॉलिश यांचं मराठीकरण करावं का?

‘शुष्क धुलाई’ लिहिलं तर ग्राहक विचारेल, हे काय नवीन? ड्रायक्लीन, स्टीम प्रेस, पेट्रोल वॉश, रोल पॉलिश हे शब्द काउंटरवर रोज बोलले जातात, ते राहू द्यावेत. जिथे मराठी शब्द खरोखर वापरात आहे तिथे तोच घ्या: साधी इस्त्री, खळ, रफू, रंगाई. एक सावधगिरी मात्र बाळगा. देवनागरीत ‘ड्राय’ आणि ‘डाय’ यांत फक्त एका फटकाऱ्याचा फरक आहे. कपडा रंगवण्याच्या ओळीत ‘डाईंग’ न लिहिता ‘रंगाई’ लिहिलं तर पांढरा शर्ट चुकून रंगाच्या टबात जाणार नाही.

‘नग’, ‘जोडी’, ‘सेट’ यांत काही अडचण येते?

येते, पण थोडकीच. पडद्याचा दर एका पाटाचा की खिडकीच्या जोडीचा, अस्तर आहे की नाही, आणि लेहेंग्याच्या दरात चोळी-ओढणी धरली आहे की नाही, एवढं दुकानदाराला विचारून लिहा.

‘५० टक्के एक्स्ट्रा’ मराठीत कसं लिहावं? ‘दीडपट’ चालेल?

चालेल, पण ‘दीडपट जादा’ असं कधीच नको. दीडपट दर म्हणजे शंभराचे दीडशे. ‘दीडपट जादा’ वाचणारा शंभराचे अडीचशे करू शकतो. ‘नेहमीच्या दरावर ५० टक्के जादा, उदाहरणार्थ १०० रुपयांच्या कपड्याला १५०’ असं उदाहरणासकट लिहा. त्याच दिवशी हवं असेल तर १०० टक्के जादा, म्हणजे दुप्पट. तिथेही ‘दुप्पट जादा’ नको.

टक्क्यांपेक्षा जास्त भांडणं वेळेवरून होतात. शनिवारी संध्याकाळी सातला दिलेला ब्लेझर ‘२४ तासांत’ म्हणजे रविवारी सातला. पण रविवारी धुलाईचं युनिटच बंद असेल तर? आणि काउंटरवर कपडा घेतला जातो नौपाड्यात, धुतला जातो भलतीकडे, बहुधा शहराबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यात. म्हणून ‘२४ तासांत’ ऐवजी ‘सकाळी ११ च्या आत दिलेला कपडा पुढच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ७ नंतर’ असं लिहिणं बरं. लांबतं खरं, पण वाद होत नाही.

आणि एक प्रश्न दुकानदाराला विचाराच: अर्जंटचे पैसे घेऊनही कपडा वेळेत दिला नाही तर जादा आकार परत करणार का? मूळ इंग्रजीत याबद्दल बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. आपण आपल्या मनाने लिहायचं नाही, पण विचारायला काय हरकत आहे? पाडव्याच्या शोभायात्रेच्या आदल्या आठवड्यात ठाण्यातल्या काउंटरवर नऊवाऱ्या आणि फेट्यांचा ढीग लागतो. कौपिनेश्वर मंदिराकडून यात्रा निघून गेल्यावर मिळालेल्या साडीचे अर्जंट पैसे कोण हसतमुखाने देईल?

अर्जंटमध्ये ‘वर्कचे कपडे घेतले जाणार नाहीत’ असं का असतं? ही अट गाळली तर?

गाळू नका. त्यामागे कारण आहे. रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने आतल्या बाजूला दाबून बघावं लागतं. डाग हाताने वेगळा काढावा लागतो आणि एका फेरीत गेला नाही तर दुसरी करावी लागते. ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी द्रावक वापरतात, ते कपड्यातून पूर्ण उडून जायला वेळ लागतो. घाईत दिलेल्या ब्लेझरच्या खांद्याच्या पॅडमध्ये ते अडकून राहिलं तर कपाट उघडल्यावर दर्प येतो. अट छापताना कारणाचं अर्ध वाक्य जोडलंत तर ग्राहकाला ती आडमुठेपणाची वाटत नाही.

‘ॲट ओनर्स रिस्क’ म्हणजे ‘मालकाच्या जोखमीवर’ ना?

शब्दशः तेच, आणि नेमकं तेच लिहू नये. आपल्याकडे लाँड्रीत शिरल्यावर ‘अहो मालक’ अशी हाक मारतात ती दुकानदाराला. इंग्रजी अटीतला मालक हा कपड्याचा मालक, म्हणजे ग्राहक. मराठीत अट बरोब्बर उलटी वाचली जाते: जोखीम दुकानदाराची. वाद झाला तर ग्राहकाने तोच अर्थ धरणं अगदी रास्त ठरेल. ‘याची जोखीम ग्राहकाची राहील’ असं सरळ लिहा.

‘दहापट भरपाई दिली जाईल’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. मूळ इंग्रजीत मर्यादा सांगितलेली असते, हमी नव्हे. ‘दहापट दिली जाईल’ लिहिलं की २०० रुपये धुलाईच्या शर्टाचं एक बटण तुटलं तरी २,००० मागता येतील. ‘नुकसानभरपाई प्रत्यक्ष नुकसानीएवढी, पण त्या कपड्याच्या धुलाई दराच्या कमाल दहापट’ अशी रचना ठेवा. आणि तो धुलाई दर म्हणजे काय, हे त्याच वाक्यात सांगा. अर्जंटचा आकार आणि कर धरून की सोडून, हे दुकानदाराने ठरवायचं. वरच्या पैठणीच्या हिशेबात दीड ते सव्वादोन हजारांचा फरक तेवढ्यानेच पडला होता.

‘रंग गेल्यास आम्ही जबाबदार नाही’ ही अट पुरेशी आहे?

‘रंग जाणे’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मावतात. रंग फिका पडणं एक, आणि रंग सुटून दुसरीकडे लागणं दुसरं. इंग्रजी अटीत त्या स्वतंत्र असतात, मराठीतही स्वतंत्र ठेवा. तसंच आकसणं, म्हणजे कपडा आटणं, हेही वेगळं लिहा.

पुढचा भाग आधीपासूनच्या दोषांचा. काही दोष धुतल्यावर दिसतात पण धुतल्याने झालेले नसतात. सरबताचा किंवा कोल्ड्रिंकचा डाग सुकल्यावर दिसत नाही, पण त्यातली साखर उष्णतेने तपकिरी होते आणि इस्त्रीनंतर डाग उगवतो. काखेत घामाने आणि अत्तराने रेशीम विरलेलं असतं, ते धुताना फाटतं. ओळखायचं कसं? घामाने विरलेलं कापड नेमक्या काखेतच किंवा कमरेशीच जातं. साखरेच्या डागाला ओघळाचा किंवा थेंबाचा आकार असतो. कपडा यंत्रात अडकून फाटला असेल तर फाट कुठेही असते आणि धागे ओढलेले दिसतात. म्हणून मराठी बिलात ‘आधीचे दोष’ असा रकाना मागा आणि त्यात टिक करायचे शब्द छापून घ्या: डाग, विरलेलं, उसवलेलं, जर काळी पडलेली, टिकल्या गळालेल्या. काउंटरवरचा मुलगा वाक्य लिहीत बसणार नाही, टिक करेल.

कपड्याच्या आतल्या लेबलवरच्या खुणांचं काय?

दरपत्रकात एक ओळ पुरते: ‘कपड्यावरच्या लेबलनुसार धुलाई केली जाते, लेबल नसल्यास काउंटरवर सांगावे.’ खुणा शब्दांत सांगायच्या झाल्या तर वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन, त्यावर फुली म्हणजे ड्रायक्लीन करू नये. वर्तुळातलं ‘पी’ अक्षर परक्लोरोइथिलीन हे द्रावक चालतं असं सांगतं, ‘एफ’ असेल तर फक्त त्याहून सौम्य, पेट्रोलियम जातीचं द्रावक. पॉलिस्टायरीनचे मणी परक्लोरोइथिलीनमध्ये विरघळतात, गोंदाने चिकटवलेले खडे सुटतात. लग्नाच्या घागऱ्याला बहुधा लेबलच नसतं, म्हणून त्या ओळीखाली ही सूचना ठळक हवी.

‘कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ एवढं एकच वाक्य लिहिलं तर सगळे प्रश्न मिटतील ना?

दुकानदारांचा हा लाडका प्रश्न. भाषांतर करून देता येईल, पण ते वाक्य दुकानाला वाचवेल अशी खात्री कोणी देऊ नये. धुवायला दिलेला कपडा कायद्याच्या भाषेत निक्षेप, म्हणजे कामापुरती सोपवलेली वस्तू ठरतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की साधारण समंजस माणूस स्वतःच्या अशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायलाच हवी. तेवढी घेऊनही नुकसान झालं, तर कलम १५२ प्रमाणे जबाबदारी येत नाही, वेगळा करार नसेल तर. मद्रास उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात लाँड्रीने हरवलेल्या नव्या साडीच्या प्रकरणात पावतीवरची अट मानली नाही. किमतीचा थोडासाच हिस्सा मिळेल, असं त्या अटीत होतं. अशी अट मानली तर निष्काळजीपणालाच बक्षीस मिळेल, असा न्यायालयाचा रोख होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निष्काळजीपणा सेवेतल्या त्रुटीत येतो, आणि ‘अनुचित करारा’विरुद्ध तक्रारीचीही सोय आहे.

दहापटीची मर्यादाही याच कसोटीला लागू शकते. रंगाची चाचणी न करताच पैठणी टाकली असेल, तर ४,५०० च्या आकड्यामागे लपता येईलच असं नाही. म्हणून महागड्या कपड्यासाठी ‘५,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा कपडा असल्यास देतानाच किंमत सांगून बिलावर लिहून घ्यावी’ अशी ओळ मूळ यादीत नसेल तर दुकानदाराला सुचवावी. आकडा त्याने ठरवावा. मात्र अट बदलायची तर वकिलाला दाखवूनच. भाषांतरकाराचं काम आहे ते नेमकं लिहिणं, अट सौम्य किंवा कडक करणं नव्हे.

‘सर्व वाद ठाणे न्यायक्षेत्रात’ ही ओळ ठेवावी का?

मूळ यादीत आहे तर ठेवा, पण दुकानदाराला तिचा भरवसा नको. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मुलुंडहून येऊन नौपाड्यात कपडे टाकणारा ग्राहक मुंबईतल्या आयोगाकडे जाऊ शकतो.

तीस दिवसांत कपडा नेला नाही तर ‘विल्हेवाट लावली जाईल’ असं लिहू?

मूळ अटीत नेमकं काय आहे ते पाहा. ‘तीस दिवसांनंतर जबाबदारी राहणार नाही’ आणि ‘तीस दिवसांनंतर विकू’ या वेगळ्या गोष्टी आहेत. कामाचे पैसे मिळेपर्यंत कपडा अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याचं कलम १७० देतं, विकायचा देत नाही. आपल्या मराठीत ‘विल्हेवाट’ हा शब्द चटकन सुचतो आणि अट आहे त्यापेक्षा कडक करून ठेवतो.

मराठी आणि इंग्रजी यादीत फरक निघाला तर कुठली ग्राह्य?

दोन्हीत ओळींना एकच क्रमांक द्या आणि कुठली भाषा ग्राह्य हे खाली लिहा. इंग्रजी ग्राह्य असं लिहायचं असेल तर तसं मराठीत, ठळक लिहा. फक्त इंग्रजीत लिहिलेलं ते वाक्य मराठी वाचणाऱ्याला काय उपयोगाचं?

बिलाच्या छोट्या प्रिंटरवर मराठी अक्षरं तुटतात. काय करावं?

बरेच थर्मल प्रिंटर देवनागरी मजकूर म्हणून छापू शकत नाहीत, चित्र म्हणून पाठवली तर छापतात. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला तेवढं विचारा. जमत नसेल तर बिलावर ओळीचा क्रमांक आणि इंग्रजी लघुनाव राहू द्या, आणि मराठी यादी काउंटरवर, ग्राहकाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. क्रमांक जुळत असल्यामुळे ‘१४’ म्हणजे जरीकाठाची रेशमी साडी, हे बिल हातात घेऊन भिंतीवर बघता येतं. अटींचं पान मात्र कार्बन बिलबुकाच्या मागे पूर्ण मराठीत छापून घ्या आणि ग्राहकाच्या सहीची जागा पुढच्या बाजूला, ‘आधीचे दोष’ रकान्याच्या लगेच खाली ठेवा.